बाबांना चार्ट वाचून दाखवताना: दोन तळ, एक उंचवटा आणि अर्धवट कॅन्डल

प्रश्न: बाबांची नजर खूप कमी झालीय, मोबाईलवरच्या कॅन्डल आता त्यांना वेगळ्या दिसत नाहीत. ते मला स्क्रीनशॉट पाठवून म्हणतात, नुसतं काय दिसतंय ते सांग, पुढे काय होणार ते माझं मी बघीन. पण मी सांगायला गेलो की "डबल बॉटम झालाय, आता वर जाईल" असंच तोंडातून निघतं. मामा पण हेच म्हणतो. भाकीत न करता चार्ट सांगायचा कसा? स्क्रीनशॉट जोडलाय, कंपनीचं नाव झाकलंय.

उत्तर:

तुमचे बाबा जे मागतायत ना, तेच काम मी एका दलाल कंपनीच्या चार्ट डेस्कवर अकरा वर्षं केलं, रोज संध्याकाळी पंधरा-वीस चार्टचं वर्णन लिहायचं आणि त्यात सल्ल्याचा एक शब्द नको. सुरुवातीला मलाही वाटायचं की भाकीत टाळायचं म्हणजे "वर जाईल", "खाली जाईल" असली वाक्यं गाळायची, संपलं. तसं नाहीये. भाकीत बहुतेक वेळा नावातच बसलेलं असतं, आणि मराठीत तर क्रियापदात पण. "डबल बॉटम" म्हटलं की बॉटम, म्हणजे तळ लागला, आता याखाली जाणार नाही, हे तुम्ही न बोलता सांगून मोकळे होता.

मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली होती, ती आधी सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. वाक्य लिहून झालं की विचारायचं, उद्याची कॅन्डल बरोब्बर उलटी आली तर माझं हे वाक्य खोटं पडेल का? पडत असेल तर ते वर्णन नव्हतं. "भाव 411 च्या आसपास दोनदा थांबला" हे वाक्य उद्या भाव 390 ला गेला तरी खरंच राहतं. "411 ला सपोर्ट आहे" हे मात्र खोटं पडतं, कारण सपोर्ट म्हणजे तिथे भाव धरला जाईल असा दावा आहे. "रेझिस्टन्स", "ब्रेकआउट", "रिव्हर्सल" हे सगळे त्याच जातीचे शब्द. वाईट नाहीत ते, पण बाबांनी जे मागितलंय त्यात बसत नाहीत.

आता तुमचा स्क्रीनशॉट. सगळ्यात आधी कॅन्डलकडे बघूच नका, कडा बघा. वर डावीकडे 1D लिहिलंय म्हणजे एक कॅन्डल म्हणजे एक दिवस, तिचा जाड भाग, बॉडी, ओपनपासून क्लोजपर्यंत आणि वर-खालच्या बारीक रेघा, विक, दिवसातल्या सगळ्यात वरच्या आणि खालच्या भावापर्यंत. खाली जानेवारी ते मे. उजवीकडे भावाची पट्टी, 20-20 रुपयांच्या रेघा. कॅन्डल साध्या आहेत, हेकिन आशी नाहीत, हे बघून घेत जा, कारण हेकिन आशीत कॅन्डलचे आकडे सरासरी काढून बनवलेले असतात, त्या दिवशीचा खरा ओपन आणि क्लोज त्यात नसतो, आणि मग एकेका कॅन्डलबद्दल बोलण्यात काही अर्थ उरत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी चार्टमध्ये नाहीच, मोबाईलच्या वरच्या पट्टीत आहे. घड्याळ बघा, 2:47. बाजार साडेतीनला बंद होतो. म्हणजे उजव्या टोकाची शेवटची कॅन्डल अजून पूर्ण झालेलीच नाही, तिचा क्लोज म्हणून जो 448.20 दिसतोय तो क्लोज नाही, 2:47 चा भाव आहे. बाबांना "448 ला बंद झाला" असं सांगितलं तर ते चूक होईल. "स्क्रीनशॉट काढला तेव्हा भाव 448.20 होता, दिवस संपायला पाऊण तास बाकी होता" असं सांगा.

हे मी एवढं ठासून का सांगतेय, तर डेस्कवर माझ्याकडून नेमकी हीच चूक झाली होती. घाई होती म्हणून दुपारी अडीचच्या स्क्रीनशॉटवरून वर्णन लिहून ठेवलं, "खाली लांब विक असलेली लहान कॅन्डल", आणि शेवटच्या अर्ध्या तासात भाव इतका घसरला की संध्याकाळी तिथे लांबलचक लाल कॅन्डल उभी होती. लिहिलेलं तसंच छापून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सरांनी दोन्ही चित्रं माझ्यापुढे शेजारी-शेजारी ठेवली, काही बोलले नाहीत, मला तेवढ्यानेच रडू आलं. त्यानंतर घड्याळ बघितल्याशिवाय मी एकाही चार्टवर एक ओळ लिहिली नाही.

त्या शेवटच्या कॅन्डलचे आकडे वरच्या ओळीत आहेत, ओपन, हाय, लो, क्लोज या क्रमाने, O 446.00, H 450.35, L 437.10, C 448.20. यातून बॉडी निघते 2.20 रुपयांची, खालची विक 8.90 ची, वरची 2.15 ची. म्हणजे खालची विक बॉडीच्या चौपट. हा आकार बघून मामा नक्की "हॅमर" म्हणणार. पण आकार तोच असला तरी आधीचा भाव घसरत आला असेल तर त्याला हॅमर म्हणतात आणि आधीचा भाव चढत आला असेल तर हँगिंग मॅन, एकाला तेजीचं चिन्ह मानतात, दुसऱ्याला मंदीचं. तुमच्या चार्टवर त्याआधी अडीच-तीन आठवडे भाव चढलेला आहे, त्यामुळे पुस्तकाप्रमाणे नाव पडेल ते हँगिंग मॅन, आणि काटेकोर माणूस ते पण देणार नाही कारण वरची विक जवळपास नसावी लागते, इथे ती बॉडीएवढीच आहे. विचार करा, एकच आकृती आणि नाव बदललं की बाबांच्या डोक्यातलं चित्र पार उलटं होतं. म्हणून नाव राहू दे. "दिवसात भाव 437 पर्यंत खाली गेला होता आणि पावणेतीनपर्यंत परत 448 ला आला होता", एवढ्यात सगळं आलं आणि यातलं काहीच संध्याकाळी खोटं पडणार नाही.

"खरेदीदार उतरले" असं पण म्हणू नका. प्रत्येक सौद्यात एक घेणारा आणि एक विकणारा असतोच, कोण जास्त घाईत होतं ते चित्रावरून तुम्हाला कळत नाही, तो तुमचा अंदाज असतो.

रंगाचं एक सांगून टाकते कारण दिसत नसलेल्या माणसाला आपण सवयीने "आज हिरवी आहे" सांगतो आणि तो समजतो कालपेक्षा वाढला. हिरवी-लाल ठरते ती त्याच दिवशीच्या ओपन आणि क्लोजवरून, कालच्या क्लोजचा तिथे संबंध नाही. लोकसभा निकालाच्या आदल्या दिवशीचं, 3 जून 2024 चं उदाहरण घ्या. एक्झिट पोलनंतर निफ्टी 23,337.90 ला उघडला आणि 23,263.90 ला बंद झाला, म्हणजे कॅन्डल लाल, पण आदल्या सत्राच्या मानाने निर्देशांक त्या दिवशी 733 अंकांनी वर होता. नुसतं "लाल कॅन्डल" ऐकणाऱ्याला तो दिवस घसरणीचा वाटला असता. तेव्हा रंग सांगायचाच तर "उघडला त्यापेक्षा खाली बंद झाला" असं सांगा, थोडं लांब होतं पण गैरसमज होत नाही.

आता मुख्य मुद्दा, ते दोन तळ. मी डावीकडून वाचते. जानेवारीच्या सुरुवातीला भाव 520 च्या आसपास, तिथून मार्चच्या पहिल्या आठवड्यात 411 च्या आसपास, म्हणजे साधारण 21 टक्के खाली. मग मार्चअखेर 462 पर्यंत वर, मग एप्रिलच्या मध्यात परत 415 च्या आसपास, आणि आता 448. दोन तळांत अंतर साधारण सहा आठवडे.

इथे डबल बॉटमची व्याख्या नीट बघा, बहुतेक जण अर्धीच वापरतात. दोन जवळपास सारखे तळ आणि मध्ये एक उंचवटा एवढ्यावर पॅटर्न पूर्ण होत नाही, मधल्या उंचवट्याच्या वर, इथे 462 च्या वर, भावाने क्लोज दिला तरच त्याला डबल बॉटम म्हणायची पद्धत आहे. तोपर्यंत हे 411 ते 462 च्या मधलं वर-खाली होणं आहे, आणि हेच चित्र पुढे रेंज म्हणून पण ओळखलं जाऊ शकतं, किंवा भाव 411 च्या खाली गेला तर घसरणीतला एक थांबा म्हणून. तिन्हींचे पहिले चार महिने सारखेच दिसतात! म्हणजे पॅटर्नचं नाव हे बऱ्याचदा पुढे काय झालं त्यावरून मागाहून पडतं. आज ते नाव दिलं तर पुढचा भाग तुम्ही स्वतः भरलात. तेव्हा तुमच्या चार्टवर "डबल बॉटम झालाय" हे वर्णन म्हणून सुद्धा चूक आहे, भाकीत सोडूनच द्या.

मग नाव अजिबात घ्यायचंच नाही का? हे ऐकणाऱ्यावर अवलंबून आहे. बाबांना ही भाषा येत असेल, आणि प्रश्नावरून वाटतं की येते, तर नावाने एका झटक्यात आकार डोळ्यापुढे येतो, तो फायदा मोठा आहे, विशेषतः ज्याला दिसत नाही त्याला. तेव्हा नाव आकारापुरतं घ्या, "इंग्रजी डब्ल्यूसारखा आकार, उजवा हात डाव्याएवढा वर गेलेला नाही", आणि लगेच पुढे तो 462 चा मुद्दा सांगा. 462 वजा 411 म्हणजे 51, ते 462 मध्ये मिळवून 513 चं टार्गेट, हे गणित पण लोक करतात, ते चार्टवर कुठेच काढलेलं नाहीये, तेव्हा ते सांगायचं नाही.

अजून एक चूक इथे होते आणि ती अनुभवी माणसं पण करतात. पहिला तळ 411, दुसरा 415, म्हणजे दुसरा तळ उंच, "हायर लो", ताकद दिसतेय वगैरे. पण हे 411 आणि 415 आकडे मी आणले कुठून? पट्टीवर रेघा 400, 420, 440 अशा आहेत, मधलं सगळं मी नजरेने मोजलंय. मोबाईलच्या स्क्रीनशॉटवर 20 रुपयांच्या दोन रेघांमध्ये बोटाच्या नखाएवढी पण जागा नाही, तिथे तीन-चार रुपयांची चूक सहज होते. म्हणजे दोन तळांमधला जो फरक मी सांगणार तो माझ्या वाचण्यातल्या चुकीएवढाच आहे. दुसरा तळ वर आहे की खाली हे या चित्रावरून मला सांगताच येत नाही. "दोन्ही तळ 410-415 च्या आसपास" एवढंच खरं. नेमकं हवं असेल तर बाबांच्या ॲपमध्ये तुम्ही स्वतः जाऊन त्या दिवसाच्या कॅन्डलवर बोट दाबून धरा, वरची O H L C ची ओळ त्या दिवसाची होते, तेव्हा खरे आकडे मिळतील आणि मग "हायर लो" आहे की नाही ते नुसतं आकड्यांनी सांगता येईल. तोवर फक्त दोन प्रकारचे आकडे ठेवा, स्क्रीनवर लिहिलेले, ते पैशांसकट सांगा, आणि नजरेने मोजलेले, त्यांना प्रत्येक वेळी "च्या आसपास" लावा. बाबांना फरक कानाने कळेल.

फेब्रुवारीत एका ठिकाणी दोन कॅन्डलच्या मध्ये साधारण 15 रुपयांची मोकळी जागा दिसतेय, खालच्या बाजूला. त्याला "पडला", "कोसळला" म्हणू नका, "गॅप" म्हणा आणि कारण या चित्रात नाही असं स्पष्ट सांगा. कारण काय असू शकतं त्याचं मला कायम आठवणारं उदाहरण रिलायन्सचं. जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा, 20 जुलै 2023 ला, आदल्या दिवशी 2841.85 ला बंद झालेल्या रिलायन्सचा भाव सकाळच्या खास सत्रात 2580 ठरला, आणि मधले 261.85 हा जिओ फायनान्शियलचा भाव धरला गेला. ज्या चार्टवर जुने भाव ॲडजस्ट केलेले नव्हते तिथे ती नऊ टक्क्यांची घसरण दिसत होती, ज्यावर केलेले होते तिथे काहीच नव्हतं. शेअर धरून बसलेल्याचं त्या दिवशी तेवढं काही गेलेलं नव्हतं. लाभांशाच्या दिवशी पण लहान गॅप पडतो आणि बऱ्याच ॲपमध्ये तो ॲडजस्ट करत नाहीत. तुम्ही नाव झाकलंय त्यामुळे मी काही शोधू शकत नाही, तुम्ही एक्सचेंजच्या साइटवर त्या तारखेला कंपनीची काही कॉर्पोरेट ॲक्शन होती का ते बघा.

चढ-उताराच्या तिरकेपणावर पण काही बोलू नका. "एकदम खडा चढलाय" हे दोन बोटांनी झूम केलं की बदलतं, स्क्रीन आडवी केली की परत बदलतं. त्याऐवजी किती रुपये किती दिवसांत ते सांगा, 415 पासून 448, साधारण अडीच-तीन आठवड्यांत, म्हणजे आठ टक्के.

आता ते मराठीतलं, ज्यावर मला वाटतं कुणी फारसं बोलत नाही. "भाव चढतोय" आणि "भाव चढला" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चढतोय म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात तो चढतच राहतो, चित्र तर थांबलेलं आहे, 2:47 ला. तेव्हा सगळं भूतकाळात. आणि "अजून" या शब्दावर लक्ष ठेवा. "अजून 462 पार केलं नाही" यात पार करणार हे गृहीत धरलंय. "462 च्या वर क्लोज नाही" म्हणा. "फक्त 14 रुपये बाकी", "जवळ येऊन पोचलाय", "टिकवून धरलंय" हे पण तसलेच, रुपये 14 चे 14 पण "फक्त" आणि "बाकी" या शब्दांनी ते एका दिशेला ओढले जातात. मी डेस्कवर नवीन मुलांचं लिखाण तपासायचे तेव्हा आधी फक्त "अजून", "आता", "फक्त" आणि "-तोय" वाल्या क्रियापदांवर पेन्सिलने गोल करायचे, निम्मं भाकीत तिथेच सापडायचं.

हे सगळं धरून तुमचा स्क्रीनशॉट मी बाबांना फोनवर असा सांगितला असता:

"बाबा, रोजच्या कॅन्डलचा चार्ट आहे, जानेवारी ते मे. स्क्रीनशॉट दुपारी 2:47 चा, म्हणजे आजची कॅन्डल पूर्ण नाही. जानेवारीत भाव 520 च्या आसपास होता, मार्चच्या सुरुवातीला 410-415 च्या आसपास आला. फेब्रुवारीत मध्ये एक गॅप आहे, 15 एक रुपयांचा, कारण यात दिसत नाही. मार्चअखेर 462 च्या आसपास गेला, एप्रिलच्या मध्यात परत 410-415 च्या आसपास आला, तिथून वर येऊन स्क्रीनशॉटच्या वेळी 448.20 होता. आकार डब्ल्यूसारखा, उजवा हात मधल्या टोकाएवढा, 462 च्या आसपास, गेलेला नाही. आज सकाळी 446 ला उघडला, 2:47 पर्यंत खाली 437.10 आणि वर 450.35 झाला. व्हॉल्यूमची पट्टी स्क्रीनशॉटमध्ये कापली गेलीय, ते सांगता येत नाही."

मोठ्याने वाचलंत तर एक मिनिट पण लागत नाही. क्रम पण मुद्दाम असा आहे, आधी चौकट, मग डावीकडून उजवीकडे प्रवास, मग शेवटचा दिवस, मग काय दिसत नाही ते. ज्याला चित्र दिसत नाही त्याला आधी शेवटची कॅन्डल सांगितली तर ती तो कुठे ठेवणार? बाकी मामांना डबल बॉटम वाटत असेल तर तेही बाबांना सांगायला हरकत नाही, फक्त "मामा असं म्हणतो" म्हणून वेगळ्या वाक्यात सांगा, चार्टच्या वाक्यात मिसळू नका.

आणि बाबा शेवटी विचारतीलच, मग तुला काय वाटतं? माझे सासरे पण विचारायचे. तेव्हा मी त्यांना दोनच आकडे परत सांगायचे, वरचा आणि खालचा, इथे 462 आणि 410-415, आणि भाव त्या दोन्हींच्या मध्ये आहे एवढं. पुढचं ते स्वतः ठरवायचे, आणि त्यांना तेच हवं असायचं.

तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये दोन गोष्टी मला नीट वाचता आल्या नाहीत, 462 चा उंचवटा नेमक्या कोणत्या तारखेचा आणि तो त्या दिवशीचा क्लोज होता की नुसती विक 462 ला टेकली होती. विक असेल तर काही जण उंचवटा क्लोजवरून मोजतात आणि मग आकडा 462 चा न राहता दोन-चार रुपयांनी खाली येतो. कॅन्डलवर बोट ठेवून O H L C ची ओळ बघा आणि इथे टाका, मग वरच्या वर्णनात मी दुरुस्ती करते.